शाळेत कन्सोल टूर्नामेंट ठेवताय? मग सुरुवात भिंतीतल्या सॉकेटपासून करा

शाळेच्या कॉम्प्युटर क्लबची टूर्नामेंट म्हटलं की सगळे आधी गेम कुठले, ड्रॉ कसा काढायचा, बक्षीस काय यावर तासभर बोलतात आणि वायरींचं "ते बघू त्या दिवशी" होऊन जातं. मग त्या दिवशी सकाळी साडेनऊला आठ कन्सोल टेबलवर, मुलं रांगेत आणि सर एचडीएमआय शोधत फिरतायत. हा लेख फक्त त्या भागाबद्दल आहे, म्हणजे वीज, एक्स्टेंशन बोर्ड, स्क्रीन आणि केबल. क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय, भिंतीकडून कन्सोलकडे, कारण भिंतीकडची चूक सगळ्या आठ स्टेशनना एकदम बंद पाडते आणि कन्सोलकडची फक्त एकाला.

उदाहरण एकच घेऊ, म्हणजे आकडे हातात राहतील. आठ स्टेशन धरू: तीन पीएस४ स्लिम, एक पीएस५, दोन एक्सबॉक्स सिरीज एस, दोन निन्टेन्डो स्विच. स्क्रीन म्हणून लॅबमधले पाच मॉनिटर आणि मुलांच्या घरून किंवा स्टाफरूममधून आणलेले तीन ३२ इंची टीव्ही. शिवाय फायनलसाठी एक प्रोजेक्टर, स्कोअरसाठी एक लॅपटॉप आणि एक स्पीकर. मध्यम शाळेला जमणारा हा सेटअप आहे.

खोली कुठली घ्यायची

सगळ्यांना हॉल हवा असतो कारण बसायला जागा. पण हॉलमध्ये सॉकेट किती आहेत ते एकदा जाऊन मोजा. बहुतेक ठिकाणी स्टेजच्या बाजूला एक पॉवर पॉइंट आणि भिंतीवर फॅनच्या स्विचबोर्डात एकेक लहान सॉकेट, बस. उलट कॉम्प्युटर लॅबचं वायरिंगच वीस-पंचवीस पीसी एका वेळी चालतील असं केलेलं असतं, आणि पीसी बंद ठेवले की ती सगळी ताकद आपल्याला मोकळी मिळते. म्हणून माझं मत सरळ आहे, सगळ्या लीग मॅच लॅबमध्ये आणि हॉलमध्ये फक्त सेमीफायनल आणि फायनल, एका स्टेशनवर, प्रोजेक्टर लावून. आठ स्टेशन हॉलमध्ये पसरवली की पन्नास फुटांच्या वायरी जमिनीवरून न्याव्या लागतात आणि दिवसभर कुणाचा तरी पाय त्यात अडकत राहतो.

लॅबचे सॉकेट जर मोठ्या यूपीएसवर असतील तर लॅब इन्चार्ज मॅडमना किंवा सरांना विचारूनच वापरा, काही लॅबमध्ये यूपीएसच्या बॅटऱ्या एवढ्या म्हाताऱ्या झालेल्या असतात की लाइट गेल्यावर दोन मिनिटंसुद्धा तग धरत नाहीत, मग त्याच्या भरवशावर राहायचं नाही. नुसता पॉवर पॉइंट म्हणून वापरायला हरकत नाही.

आठवडाभर आधी: वायरमनकाकांसोबत वीस मिनिटं

शाळेचा जो वायरमन असतो त्याला गाठा आणि डीबी, म्हणजे सगळ्या लाइन जिथून निघतात ती वितरण पेटी, उघडून दाखवायला सांगा. आपल्याला एवढंच जाणून घ्यायचंय की कुठला एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, कुठले सॉकेट चालवतो. एमसीबीवर आकडा छापलेला असतो, C10, C16 असा, तो अँपिअरचा. एक एमसीबी खाली करायचा, खोलीत टेस्ट लॅम्प किंवा मोबाइल चार्जर घेऊन फिरायचं, जे सॉकेट मेले ते त्या एमसीबीचे. मास्किंग टेपवर "अ", "ब", "क" लिहून सॉकेटवर चिकटवायचं. ही खूण पुढे फार कामाला येते.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वर्गातल्या स्विचबोर्डावरचा लहान तीन पिनचा सॉकेट हा बऱ्याचदा फॅन आणि ट्यूबच्याच लाइनवर असतो. समजा खोलीत चार फॅन, प्रत्येकी साधारण ७५ वॉट, आणि सहा जुन्या ट्यूब, प्रत्येकी ४० वॉट. म्हणजे काही न लावताच ५४० वॉट चालू आहे, २३० व्होल्टला जवळपास २.३ अँपिअर. त्या लाइनचा एमसीबी ६ अँपिअरचा असेल तर आपल्याला उरले साडेतीन-पावणेचार अँपिअर. एप्रिलमध्ये फॅन बंद करा असं तर कुणी म्हणणार नाही. त्यामुळे स्टेशन शक्यतो मोठ्या, १६ अँपिअरच्या पॉवर पॉइंटवरून काढायची, लहान सॉकेटवर लॅपटॉप आणि स्पीकर.

लोडचा हिशोब, कागदावर

आता आपली यादी. खेळताना पीएस४ स्लिम अंदाजे १०० वॉट खातो, पीएस५ दोनशेच्या आसपास, सिरीज एस ८० धरा, टीव्हीला जोडायच्या डॉकमधला स्विच २० धरला तरी खूप झाला. म्हणजे तिनाचे ३०० + २०० + १६० + ४० = ७०० वॉट. स्क्रीनमध्ये २४ इंची मॉनिटर २५ वॉटचे पाच म्हणजे १२५, टीव्ही ६० वॉटचे तीन म्हणजे १८०. इथवर १००५. प्रोजेक्टर ३००, लॅपटॉप-स्पीकर मिळून १००. एकूण १४०५ वॉट, भागिले २३०, आले ६.१ अँपिअर.

हा आकडा दोन गोष्टी सांगतो. एक, घाबरण्यासारखं काही नाही, एका १६ अँपिअरच्या लाइनला हे आरामात झेपतं. दुसरी, हे सगळं एकाच साध्या एक्स्टेंशन बोर्डावर टाकलं तर तो बोर्ड त्याच्या मर्यादेच्या वर गेला, कारण बाजारातले घरगुती बोर्ड साधारण ६ अँपिअरचे असतात. कितीही भोकं असली तरी बोर्डाची एकूण मर्यादा तीच राहते, आठ सॉकेटचा बोर्ड म्हणजे आठ पट ताकद असं नसतं. म्हणून आपण विभागणी करू: चार स्टेशन "अ" लाइनवर, चार "ब" लाइनवर, प्रोजेक्टर हॉलमध्ये वेगळा. प्रत्येक लाइनवर साधारण ५०० वॉट, म्हणजे सव्वादोन अँपिअर. छान, निवांत.

आणि मग कुणीतरी पाहुण्यांसाठी चहाची इलेक्ट्रिक किटली आणतं. दीड हजार वॉट, एकटीच साडेसहा अँपिअर. किटली, इस्त्री, फोटोकॉपी मशीन यांना "अ" आणि "ब" वर बंदी, आणि हे तोंडी न सांगता त्या मोकळ्या सॉकेटवर टेप मारून टाका. तोंडी सांगितलेलं अकरा वाजता कुणाला आठवत नाही.

एक्स्टेंशन बोर्ड

लोडचा हिशोब जमला तरी खरी गडबड बोर्डातच होते. पातळ वायर, सैल सॉकेट आणि बोर्डाला बोर्ड जोडणं, हे तीन त्रास.

वायर जाड हवी. शाळा नवीन बोर्ड बनवून घेणार असेल तर वायरमनला सांगा की १.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची तीन कोअर वायर घाल, टोकाला १६ अँपिअरचा प्लग टॉप आणि बोर्डात प्रत्येक सॉकेटला वेगळा स्विच. असे दोन बोर्ड, सहा-सहा सॉकेटचे, तीन ते पाच मीटर वायरीचे, आपल्या आठ स्टेशनांची मुख्य लाइन होतात. अशा बोर्डात ६ अँपिअरचा एमसीबी किंवा फ्यूज पण बसवायला सांगा, कारण टॉप १६ चा आणि आतले सॉकेट ६ चे, तेव्हा अडवणारं काहीतरी मध्ये पाहिजे. सहा सॉकेट आणि चार स्टेशन, प्रत्येकी दोन प्लग म्हणजे आठ लागतील ना, असं तुम्ही म्हणाल. बरोबर, म्हणून प्रत्येक मुख्य बोर्डावर तीन स्टेशन घ्या, आणि उरलेल्या एकेका स्टेशनचे दोन प्लग सरळ लॅबच्या भिंतीतल्या त्याच लाइनच्या सॉकेटवर. बोर्डातून दुसरा बोर्ड काढायचा नाही. ते केलं की पहिल्या बोर्डाच्या एका सॉकेटवर पुढच्या सगळ्यांचा भार येतो आणि तो सॉकेट तापतो.

गुंडाळीवाली लांब वायर असेल, ती ढोलकीसारखी फिरकी असते ना, तर ती पूर्ण उलगडायची. अर्धी गुंडाळलेली वायर भार घेतल्यावर आतल्या आत तापते कारण उष्णता बाहेर पडायला जागा नसते. वीस मीटरमधली पाचच मीटर हवी असली तरी उरलेली टेबलखाली सैल पसरून ठेवा.

सैल सॉकेट ओळखायची पद्धत सोपी. प्लग घाला, हळूच हलवा. कन्सोलचा लाइट लुकलुकला किंवा बारीक चुर्र असा आवाज आला तर तो सॉकेट बाद, त्यावर लाल टेप. निन्टेन्डो स्विचच्या बाबतीत हे जास्त होतं कारण आपल्याकडे बरेचसे स्विच बाहेरून आणलेले असतात, कुणाच्या काकांनी दुबईहून, कुणाच्या आत्याने अमेरिकेतून, आणि त्याला लागतो कन्व्हर्टर प्लग. ते वीस-तीस रुपयाचे कन्व्हर्टर सॉकेटमध्ये लोंबकळतात. त्यापेक्षा वायरमनकडून एक चांगला युनिव्हर्सल सॉकेटवाला बोर्ड त्या दोन स्टेशनांना द्या.

बाहेरून आलेल्या कुठल्याही वस्तूच्या अडॅप्टरवर आधी बारीक अक्षरात छापलेली `INPUT` ची ओळ वाचायची. `100-240V` असेल तर बिनधास्त लावा, स्विच आणि पीएस४-पीएस५ चं असंच असतं. पण कुणी जुना अमेरिकेतला एक्सबॉक्स ३६० आणला आणि त्याच्या विटेएवढ्या अडॅप्टरवर `100-127V` लिहिलंय, तर तो आपल्या २३० ला लावायचा नाही, कन्व्हर्टर प्लगने फक्त पिनचा आकार बदलतो, व्होल्टेज नाही.

बोर्ड जमिनीवर टाकू नका. मावशी सकाळी ओल्या फडक्याने पुसून जातात, दिवसभर पाण्याच्या बाटल्या उलटतात, आणि मुलांच्या बुटांनी स्विच बंद होतात ते वेगळंच. टेबलाच्या मागच्या पायाला, जमिनीपासून वीतभर वर, दोन केबल टायने बांधा.

अर्थिंग, आणि ती झिणझिण

टीव्हीच्या मागे एचडीएमआय लावताना बोटांना बारीक झिणझिण जाणवली असेल तर ती कल्पना नाही. कन्सोल आणि टीव्हीच्या पॉवर सप्लायमध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी थोडा करंट बॉडीवर येतो आणि एरवी तो अर्थमधून निघून जातो. अर्थच नसेल किंवा सगळी उपकरणं दोन पिनची असतील तर तो एचडीएमआयच्या धातूच्या टोकावर येऊन बसतो. माणसाला त्यातून सहसा काही होत नाही, पण दोन चालू उपकरणांमध्ये केबल जोडताना तोच करंट सिग्नलच्या पिनमधून गेला तर पोर्ट उडू शकतो. कन्सोलचा एचडीएमआय पोर्ट म्हणजे कुणाच्या तरी बाबांच्या खिशातले पैसे.

म्हणून नियम: एचडीएमआय नेहमी दोन्हीकडची वीज बंद असताना जोडायची आणि काढायची. आणि वायरमनला मल्टिमीटर लावून तीन रीडिंग घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ चार-पाच व्होल्टच्या आत. फेज-अर्थ शंभर-सव्वाशेच दाखवतंय किंवा आकडा स्थिर राहत नाही, तर त्या सॉकेटचं अर्थ नावालाच आहे, तिथे स्टेशन नको. जमिनीत अर्थिंग आहे पण बोर्डापर्यंत हिरवी वायर जोडलेलीच नाही असं जुन्या इमारतीत सर्रास असतं, अर्ध्या तासाचं काम आहे, आठवडा आधी कळलं तर होऊन जातं.

स्क्रीन: लॅबचा मॉनिटर की घरचा टीव्ही

मोठा टीव्ही बघून मुलं खूश होतात पण खेळायला लॅबचा साधा मॉनिटर बऱ्याचदा जास्त चांगला. कारण लॅग. टीव्ही चित्र दाखवायच्या आधी ते गुळगुळीत कर, रंग चढव असले उद्योग करत बसतो आणि बटण दाबल्यापासून स्क्रीनवर दिसेपर्यंत वेळ जातो. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे सुमारे १६.७ मिलिसेकंद, टीव्ही साध्या पिक्चर मोडवर असेल तर चार-पाच फ्रेम सहज मागे पडतो. फायटिंग गेममध्ये ब्लॉक वेळेवर लागत नाही आणि मुलगा म्हणतो कंट्रोलर खराब आहे.

त्यामुळे टीव्ही आला की पहिलं काम: पिक्चर मोडमध्ये जाऊन `Game` किंवा `Game Mode` चालू करा. काही टीव्हीत हे प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी वेगळं असतं, म्हणजे पोर्ट १ वर लावलेला मोड पोर्ट २ ला नसतो, म्हणून कुठल्या पोर्टवर सेट केलंय त्यावरच टेपचा तुकडा चिकटवा. टीव्हीच्या चारी कडा कापल्या जातायत, स्कोअर अर्धाच दिसतोय, असं असेल तर पिक्चर साइज `Just Scan`, `Screen Fit` किंवा `Full` अशा नावाच्या पर्यायावर न्या. कंपनीगणिक नाव बदलतं.

लॅग मोजायचं असेल तर उपाय आहे. एक एचडीएमआय स्प्लिटर घ्या, एका कन्सोलचं चित्र लॅबच्या मॉनिटरवर आणि टीव्हीवर एकाच वेळी द्या, दोन्ही शेजारी ठेवा आणि मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये शूट करा. गेममध्ये जो टायमर पळत असतो तो दोन्ही स्क्रीनवर बघा, फरक लगेच कळतो. सगळे टीव्ही असे तपासायची गरज नाही, जो संशयास्पद वाटतो तेवढाच. दोन खेळाडू एकाच स्क्रीनवर खेळतात तेव्हा लॅग दोघांना सारखाच, अन्याय होत नाही, पण तोच मुलगा पुढच्या राउंडला दुसऱ्या स्टेशनवर गेला की त्याचं सगळं टायमिंग बिघडतं. म्हणून एका गेमची सगळी स्टेशन एकाच प्रकारच्या स्क्रीनवर ठेवायची.

आता लॅबच्या मॉनिटरच्या मागे वाकून बघा. एचडीएमआय असेल तर प्रश्न मिटला. नुसतं निळं व्हीजीए असेल तर एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर लागतो, तो छोट्या डबीसारखा असतो आणि त्याला आवाजासाठी बाजूला जॅक असलेला घ्या, व्हीजीएतून आवाज जातच नाही. नुसती एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला व्हीजीए अशी साधी केबल मिळते ती चालत नाही, आत चिप पाहिजे.

आणि चिप असूनही पीएस४ काळी स्क्रीन देऊ शकतो. कारण कॉपी-संरक्षण, एचडीसीपी. पीएस४ मध्ये `Settings > System` मध्ये `Enable HDCP` ची खूण काढायची, पीएस५ मध्ये तेच `Settings > System > HDMI` खाली आहे. हे बदलायला कन्सोल आधी नीट एचडीएमआय असलेल्या टीव्हीला लावावा लागतो, म्हणून हे आदल्या दिवशीचं काम, आणि संध्याकाळी परत चालू करून द्यायचं नाहीतर मुलाच्या घरी व्हिडिओचे ॲप चालणार नाहीत आणि फोन तुम्हाला येईल. एक्सबॉक्समध्ये अशी बंद करायची सोय नाही, त्यामुळे दोन्ही सिरीज एस आणि पीएस५ हे तीन टीव्हींना, आणि पीएस४-स्विच हे मॉनिटरना, अशी जोडी आधीच लावून टाका. आपल्या उदाहरणात ती बरोबर बसते, तीन टीव्ही, पाच मॉनिटर.

घरी ४के टीव्हीला लावलेला कन्सोल शाळेच्या मॉनिटरवर काहीच दाखवत नसेल तर घाबरू नका. पीएस४ किंवा पीएस५ पूर्ण बंद करा, पॉवर बटण दाबून धरा, दुसरी बीप साधारण सात सेकंदांनी येते तेव्हा सोडा, सेफ मोड येतो, कंट्रोलर यूएसबीने जोडा आणि रिझोल्यूशन किंवा व्हिडिओ आउटपुट बदलायचा पर्याय निवडा.

फायनलचा प्रोजेक्टर. खेळाडूंना प्रोजेक्टरकडे बघून खेळायला लावू नका, वर्गातल्या साध्या प्रोजेक्टरचा लॅग बऱ्याचदा टीव्हीपेक्षाही वाईट असतो. कन्सोलमधून केबल स्प्लिटरला, स्प्लिटरमधून एक मॉनिटरला, एक प्रोजेक्टरला. दुकानात नीट सांगा, एक इन दोन आउट. त्याऐवजी एचडीएमआय स्विच आणला तर तो उलटा, दोन इन एक आउट, दिसायला सारखाच. स्प्लिटर स्वतःच्या अडॅप्टरवाला घ्या. प्रोजेक्टर कमी रिझोल्यूशनचा असेल तर मॉनिटरवरही तेच उतरेल, ते चालतं, पण चित्र सारखं जात-येत असेल तर कन्सोलचं रिझोल्यूशन `Automatic` वरून काढून हाताने `1080p` किंवा `720p` करा.

एचडीएमआय केबल किती आणि किती लांब

स्टेशनला दीड ते दोन मीटर पुरे. आठ स्टेशनना आठ, स्प्लिटरला दोन जास्त, आणि दोन स्पेअर, एकूण बारा. हॉलमध्ये प्रोजेक्टर छताला असेल तर तिथे दहा मीटर लागते. दहा मीटरची चांगली साधी केबल १०८०पी ला बहुतेक चालते, पण चित्रात पांढरे ठिपके चमकले किंवा दर दोन मिनिटांनी स्क्रीन क्षणभर काळी झाली तर केबल कमी पडतेय. तेव्हा ॲक्टिव्ह केबल आणा, आणि तिची दोन टोकं वेगळी असतात हे लक्षात ठेवा, `Source` कन्सोलकडे आणि `Display` प्रोजेक्टरकडे, उलटी लावली की काहीच येत नाही आणि लोक केबल परत करून येतात.

लावल्यावर केबल कन्सोलपासून वीतभर अंतरावर टेबलाच्या पायाला सैल बांधा, थोडी ढील ठेवून. कुणी अडखळलं तर ताण टेबलावर येतो, पोर्टवर नाही.

कंट्रोलर

एका खोलीत सोळा कंट्रोलर वायरलेसवर म्हणजे गोंधळ, आणि मुलगा घरून स्वतःचा आणतो, त्याने पीएस बटण दाबलं की तिसऱ्या टेबलावर असलेला त्याचाच कन्सोल जागा होतो. शक्य तिथे वायरने खेळवा. पीएस४ मध्ये `Settings > Devices > Controllers > Communication Method` मध्ये `Use USB Cable`, स्विचमध्ये `Pro Controller Wired Communication` चालू.

इथे एक मेख आहे. पीएस४ च्या कंट्रोलरला मायक्रो यूएसबी लागते, आणि घरात पडलेल्या निम्म्या मायक्रो यूएसबी केबल फक्त चार्जिंगच्या असतात, आत डेटाच्या दोन तारा नसतातच. कंट्रोलरला पिवळा लाइट येतो, चार्ज होतोय असं दिसतं, पण कन्सोल त्याला ओळखत नाही. तपासायला केबल लॅबच्या पीसीला आणि मायक्रो यूएसबी पोर्टवाल्या एखाद्या जुन्या अँड्रॉइड फोनला लावा, फोनवर फाइल ट्रान्सफरचं विचारलं तर डेटाची केबल, नुसतं चार्जिंग दाखवलं तर त्या केबलला बाजूला काढा. ढीगभर केबल दहा मिनिटांत निवडून होतात, सातवीतली दोन मुलं हे काम मजेत करतात.

आदल्या दिवशी: प्रत्येक स्टेशनची पिशवी

एक स्टेशन, एक कापडी पिशवी. आत त्या स्टेशनच्या सगळ्या केबल, अडॅप्टर, कंट्रोलर, आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना टेपचा झेंडा. लेबल असं:

```
३ / HDMI / शाळा
३ / पॉवर / ८ब-१४
३ / USB-१ / ८ब-१४
```

पहिला आकडा स्टेशन, शेवटचा मालक, इयत्ता-तुकडी आणि हजेरी क्रमांक. पीएस४ स्लिम, पीएस५ आणि सिरीज एस या सगळ्यांना इंग्रजी आठच्या आकाराची तीच पॉवर केबल लागते, संध्याकाळी कुठली कुणाची यावर वाद होतात, लेबल असलं की होत नाहीत.

गेमचे अपडेट घरूनच करून आणायला सांगा, शाळेच्या वायफायवर आठ कन्सोल तीस-तीस जीबी उतरवायला बसले की जेवणाच्या सुट्टीपर्यंत पट्टी भरत बसेल. आणि कन्सोल नेट बंद करूनही गेम उघडतोय का ते घरीच बघायचं.

टेबलं भिंतीला समांतर, मधे फूटभर जागा, सगळ्या वायरी त्या फटीतून. दारात वायर येता कामा नये, टाळताच येत नसेल तर कापडी टेपने आडवी पूर्ण चिकटवून वर पायपुसणं. खाकी पॅकिंग टेप वापरू नका, दोन तासांत सुटतो आणि लादीवर चिकट डाग राहतो. टेबलावर समारंभाची मखमली चादर अंथरायची हौस असते, ती कन्सोलच्या मागच्या झरोक्यावर येणार नाही एवढं बघा, पीएस४ असा तापला की पंखा विमानासारखा ओरडतो आणि मग बंद.

त्या दिवशी

चालू करायचा क्रम: सगळे स्विच बंद ठेवून सगळं जोडा, मग मेन बोर्ड, मग स्क्रीन, मग कन्सोल एकेक. स्विचच्या डॉकला त्याचाच मूळ अडॅप्टर द्या, मोबाइलचा साधा चार्जर लावला तर चार्ज होतो पण टीव्हीवर चित्र येत नाही. सगळी आठ स्टेशन चालू झाली की प्रत्येकावर खरा गेम लावून अर्धा तास चालू द्या, मेनूवर नाही, मेनूवर लोड कमी असतो.

अर्ध्या तासाने एकाने, मोठ्या माणसाने, प्रत्येक बोर्डाच्या प्लगला आणि वायरीला हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून बघायचं. कोमट चालतं. हात ठेवावासा वाटत नाही एवढं गरम, किंवा प्लास्टिक जळल्याचा, मासळीसारखा वास, तर ती लाइन लगेच बंद, तो सॉकेट दिवसभरासाठी बाद. हीच फेरी जेवणानंतर परत. एमसीबी पडला तर नुसता वर करू नका, आधी त्या लाइनवरचे सगळे स्विच बंद, मग एमसीबी, मग एकेक स्टेशन, ज्याला पडला तो गुन्हेगार.

लाइट गेली तर? हा नियम सकाळीच फलकावर लिहा: मॅच अर्धवट राहिली तर पुन्हा पहिल्यापासून, किंवा स्कोअर धरून उरलेला वेळ, जे ठरेल ते. लाइट जाताच सगळ्या बोर्डांचे स्विच खाली, आणि आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून मग वर, कारण परत येताना व्होल्टेज वर-खाली होतं. पीएस४ असा अचानक बंद झाला की पुढच्या वेळी स्टोरेज तपासत बसतो, त्याला मधे तोडू नका. दोन्ही निन्टेन्डो स्विचना स्वतःची बॅटरी असल्यामुळे त्यांच्यातला गेम जात नाही, डॉकमधून काढून पुढे खेळता येतं. प्रोजेक्टर किंवा फायनलच्या कन्सोलला लॅबचा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस लावायचा विचार असेल तर तो साधारण ३६० वॉटचाच असतो, प्रोजेक्टर आणि पीएस५ दोन्ही त्यावर नको. कन्सोल आणि मॉनिटर एवढंच लावा.

आवरताना

कन्सोल मेनूमधून पूर्ण बंद करा. पीएस४ वर नारिंगी लाइट म्हणजे तो रेस्ट मोडमध्ये आहे, बंद नाही, तेव्हा प्लग ओढला तर घरी गेल्यावर तक्रारीचा मेसेज दाखवतो. लाइट पूर्ण गेल्यावर बोर्डाचा स्विच, मग प्लग, मग एचडीएमआय. केबल कोपराभोवती करकचून गुंडाळायच्या नाहीत, मोठे सैल वेटोळे करून वेल्क्रोने बांधा. पिशवीत परत घालताना लेबल मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने यादीवर खूण करायची, एचडीसीपी परत चालू केलं का ही खूणही त्याच यादीत, पीएसच्या रकान्यात.